एक्सेलवरून ईआरपीवर: स्टोअर, खरेदी आणि शॉपमधल्या माणसांना कोणत्या क्रमाने शिकवायचं

नवं सॉफ्टवेअर बसवलं, तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं, चहा-समोसे झाले, आणि दोन महिन्यांनी स्टोअरमध्ये पाहिलं तर `Stock_Final_New(2).xlsx` उघडीच. प्रणालीतला साठा वेगळा, शीटमधला वेगळा, रॅकवरचा तिसराच. हे मी इतक्या ठिकाणी पाहिलं आहे की आता कारण सांगायला शीट उघडून बघावी लागत नाही. माणसांना पडदे दाखवलेले असतात, पण काम करायची वेळ बदलली आहे हे शिकवलेलंच नसतं.

एक्सेलमध्ये माल सकाळी येतो आणि एंट्री संध्याकाळी होते. चुकली तर सेलवर जाऊन आकडा बदलायचा, कुणाला कळतही नाही. ईआरपीत, म्हणजे सगळ्या विभागांच्या एकाच सामायिक प्रणालीत, एकाची एंट्री ही दुसऱ्याच्या कामाची सुरुवात असते. स्टोअरने माल आत घेतल्याशिवाय शॉपला इश्यू होत नाही आणि अकाउंट्सला बिल पास करता येत नाही. चूक खोडताही येत नाही, ती रद्द करावी लागते आणि ती रद्द केलेली नोंद कायम दिसत राहते. प्रशिक्षणाचा सगळा आराखडा या दोन फरकांभोवती बांधायचा आहे.

उदाहरणासाठी भोसरी-चाकण पट्ट्यातला असतो तसा एक मशीनिंगचा कारखाना धरू: साठ-सत्तर माणसं, त्यातली चौदा जणं शीटमध्ये काहीतरी भरणारी. सॉफ्टवेअर ERPNext धरलं आहे. तुमचं दुसरं असेल तर पडद्यावरची नावं बदलतील, क्रम तोच राहील. प्रत्यक्ष सुरुवातीच्या दिवसाआधी सहा आठवडे आणि नंतर चार आठवडे, असा हिशोब ठेवा.

## टप्पा १: तारीख ठरवा, पण कॅलेंडर समोर ठेवून (६ आठवडे आधी)

बहुतेक जण महिन्याची एक तारीख ठरवतात. साठा आणि हिशोब नव्या महिन्यापासून सुरू करणं सोपं जातं, त्यामुळे ते ठीकच आहे. पण एप्रिलची एक तारीख टाळा, कारण वर्षअखेरीमुळे अकाउंट्समधलं कुणीच मोकळं नसतं. महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास जीएसटीची विवरणपत्रं भरायची असतात, त्या दिवसांत अकाउंट्सच्या माणसाला वर्गात बसवलं तर तो बसेल, पण ऐकणार नाही. शॉपमध्ये कोकणातली मंडळी असतील तर गणपतीचा आठवडाही सोडून द्या.

सुरुवातीच्या आदल्या दिवशी पूर्ण साठा मोजायचा असतो. म्हणून साप्ताहिक सुट्टीला लागून तारीख मिळाली तर उत्तम.

## टप्पा २: शीट गोळा करा आणि रंगांचा अर्थ विचारा (६ ते ५ आठवडे आधी)

हा टप्पा लोक गाळतात, आणि पुढची निम्मी भांडणं इथूनच निघतात.

प्रत्येक माणसाच्या शेजारी अर्धा तास बसा. "तुमची शीट पाठवा" असं सांगू नका. पाठवलेल्या फाइलमध्ये तो ती कशी वापरतो ते दिसत नाही. तो फिल्टर कुठे लावतो, कोणती ओळ पिवळी करतो, कोणत्या सेलवर टिप्पणी लिहितो ते बघायचं. एका कारखान्यात खरेदीच्या शीटमध्ये तीन रंग होते. पिवळा म्हणजे माल आला पण बिल नाही, हिरवा म्हणजे बिल पास, आणि फिकट गुलाबी म्हणजे "शेठना विचारायचं आहे". पहिल्या दोन रंगांचं काम नव्या प्रणालीत आपोआप होणार होतं. गुलाबीसाठी मात्र काहीच ठेवलेलं नव्हतं. सुरुवात झाल्यावर खरेदीवाल्या मॅडमनी त्या एका रंगासाठी जुनी शीट चालू ठेवली, आणि शीट चालूच आहे म्हटल्यावर मग सगळंच तिथे भरायला लागल्या. त्यांची चूक नव्हती, त्यांचा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

प्रत्येक शीटचा प्रत्येक रंग, प्रत्येक जादा रकाना आणि प्रत्येक टिप्पणी यांच्यापुढे एकच प्रश्न लिहा: हे नव्या प्रणालीत कुठे जाणार? उत्तर तीनपैकी एक असतं. अमुक ठिकाणी जाणार, किंवा याची गरज संपली, किंवा माहीत नाही.

तपासा: "माहीत नाही" असं एकही उत्तर उरलं असेल तर प्रशिक्षण सुरू करू नका. आधी सॉफ्टवेअर बसवणाऱ्याकडून त्याचा निकाल लावून घ्या.

## टप्पा ३: माणसांची यादी एंट्रीनुसार करा

हुद्द्यानुसार गट पाडले की "स्टोअर विभाग" म्हणून पाच जण एका वर्गात येतात. त्यातला एक माल उतरवून घेतो, एक इश्यू करतो, एक जॉबवर्कची चलनं बनवतो, आणि उरलेले दोघे फक्त साठा बघतात. पाचही जणांना सगळं शिकवलं तर कुणाच्याच हाताला काही बसत नाही. म्हणून यादी अशी करा:

| कोण | कोणती एंट्री | केव्हा | त्याच्यावर कोण अवलंबून |
|---|---|---|---|
| खरेदी | Purchase Order | ऑर्डर देताना, फोन करण्याआधी | स्टोअर |
| स्टोअर, इनवर्ड | Purchase Receipt | वजन झाल्यावर, गाडी सोडण्याआधी | क्यूसी, अकाउंट्स |
| स्टोअर, इश्यू | Stock Entry | माल हातात देताना | शॉप |
| शॉप सुपरवायझर | Work Order पूर्ण करणं | शिफ्ट संपण्याआधी | डिस्पॅच |
| अकाउंट्स | Purchase Invoice | बिल आल्यावर, पावतीशी जुळवून | मालक |

सगळ्यात महत्त्वाचा रकाना तिसरा आहे. "केव्हा" या प्रश्नाला "दिवसभरात" हे उत्तर चालत नाही. ज्या क्षणी माल हलतो तो क्षण लिहा, आणि तो त्या माणसाकडून कबूल करून घ्या. गाडी सोडण्याआधी एंट्री करायची तर इनवर्डच्या टेबलावर संगणक लागतो. तो आज आतल्या केबिनमध्ये असेल तर कितीही शिकवलं तरी एंट्री संध्याकाळीच होणार. टेबल, नेटचा पॉइंट आणि प्रिंटर यांची जागा याच आठवड्यात ठरवा.

फक्त बघणाऱ्यांना, म्हणजे मालक, प्लॅनिंग आणि विक्री यांना, वेगळा एका तासाचा वर्ग पुरतो. त्यांना एंट्री शिकवू नका.

## टप्पा ४: जुनी नावं ज्यांनी लिहिली त्यांच्याकडूनच साफ करून घ्या (५ ते ४ आठवडे आधी)

आयटमची यादी साफ करायचं काम बाहेरच्या माणसाला देऊ नका. `EN8 40`, `EN-8 40MM` आणि `40 dia EN8 round` हे एकच आहेत हे स्टोअरवाल्यालाच माहीत असतं. शिवाय एक कोड म्हणजे एकच वस्तू ही नव्या प्रणालीची पहिली अट त्याला या कामातूनच कळते. तेच त्याचं पहिलं प्रशिक्षण.

मूळ नावं A रकान्यात ठेवून B आणि C मध्ये ही सूत्रं लावा:

```
B2:  =UPPER(TRIM(SUBSTITUTE(SUBSTITUTE(A2,CHAR(160)," "),"*","X")))
C2:  =COUNTIF($B$2:$B$1500,B2)
```

`CHAR(160)` ही डोळ्यांना न दिसणारी वेगळी मोकळी जागा असते. मेलमधून किंवा वेबवरून नाव चिकटवलं की ती येते, आणि नुसत्या `TRIM` ने ती जात नाही. `*` काढायचं कारण असं की `COUNTIF` त्याचा अर्थ "मध्ये काहीही" असा घेतो, त्यामुळे `40*6000` अशी मापं चुकीची मोजली जातात. C मध्ये १ पेक्षा मोठा आकडा आला की नाव दुबार आहे. पण वर दिलेली EN8 ची तीन रूपं या सूत्राला सापडणार नाहीत. त्यासाठी B वर क्रम लावून माणसानेच खालपर्यंत वाचत जायचं.

सावध: `00451` असा पार्ट नंबर साध्या सेलमध्ये टाकला की एक्सेल त्याचं `451` करतं, आणि `3-4` ची तारीख होते. कोड टाकण्याआधीच तो रकाना टेक्स्ट करून घ्या, आणि फाइल चढवण्याआधी ग्राहकाच्या ड्रॉइंगवरच्या नंबराशी निदान पन्नास कोड ताडून बघा.

## टप्पा ५: सरावाची वेगळी प्रत (४ आठवडे आधी)

सराव खऱ्या प्रणालीत करायचा नाही, आणि सॉफ्टवेअरसोबत येणाऱ्या नमुना डेटावरही करायचा नाही. "टी-शर्ट" आणि "लॅपटॉप" यांची खरेदी करून दाखवली की स्टोअरवाला मान डोलावतो, पण त्याचा माल तिथे नसतो. तुमचे साफ केलेले आयटम, तुमचे पुरवठादार आणि तुमची गोदामं असलेली वेगळी प्रत बनवून घ्या. तिच्या कंपनीच्या नावातच "सराव" हा शब्द घाला. नाहीतर कुणीतरी पहिल्याच दिवशी खऱ्या मालाची पावती सरावात करून ठेवेल.

प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन आणि खऱ्या प्रणालीत असतील तितकेच अधिकार द्या. सगळ्यांना अ‍ॅडमिनचं एकच लॉगिन देऊन शिकवलं की सुरुवातीच्या दिवशी निम्मी बटणं गायब होतात आणि पहिला फोन येतो, "साहेब, माझ्याकडे दिसतच नाहीये."

## टप्पा ६: एका बारचा प्रवास (४ ते ३ आठवडे आधी)

इथे सगळे एकत्र बसतात, पण एकदाच. एकच माल गेटपासून तयार पार्टपर्यंत न्यायचा. प्रत्येकाने आपली एंट्री स्वतः करायची आणि बाकीच्यांनी बघायचं. दोन तास लागतात. मी घेतो ते उदाहरण पूर्ण देतो, आकडे तुमच्या मालाचे घाला.

ऑर्डर. खरेदीने EN8 चा ४० मिमी राउंड बार ६०० किलो मागवला. एकक किलो. इथे थांबा आणि विचारा, "शॉप काय मोजतं?" शॉप बार मोजतं. ४० मिमीच्या बारचं वजन काढायचं सूत्र प्रत्येक स्टोअरवाल्याला पाठ असतं: व्यासाचा वर्ग भागिले १६२. मीटरला ९.८८ किलो, म्हणजे सहा मीटरचा बार साधारण ५९.३ किलो. साठा किलोत ठेवायचा की नगात, हे या वर्गात सगळ्यांसमोर ठरलं पाहिजे. आपण किलो ठरवू.

इनवर्ड. दहा बार आले. चलनावर ६०० किलो, आपल्या काट्यावर ५९६. स्टोअरवाल्याला ऑर्डरवरूनच Purchase Receipt बनवायला सांगा, कोरा फॉर्म उघडायचा नाही. ऑर्डरवरून बनवली की संख्येच्या जागी ६०० आधीच भरलेले दिसतात. हात आपोआप `Submit` कडे जातो, आणि नेमकं तिथेच त्याला थांबवायचं असतं. पावतीत काटा सांगेल तोच आकडा जातो, चलनावरचा नाही. ६०० ठेवले तर कधीच न आलेले चार किलो पुस्तकात राहतात, आणि ६०० किलोचं बिल अकाउंट्समध्ये बिनबोभाट पास होतं. ५९६ टाकले तर बिल जुळवताना चार किलोचा फरक दिसतो आणि त्याची डेबिट नोट निघते. अकाउंट्सच्या माणसाला याच क्षणी विचारा, "हा फरक तुम्हाला आजवर कसा कळत होता?" बहुतेक वेळा उत्तर असतं की कळतच नव्हता.

रिजेक्शन. एका बारला तडा आहे, वजन ६० किलो. Received ५९६, Accepted ५३६, Rejected ६०. Rejected मध्ये आकडा टाकला की प्रणाली त्यासाठी वेगळं गोदाम मागते. ते आधी बनवलेलं नसेल तर घाईत माणूस चांगल्या मालाचंच गोदाम निवडायला जातो.

इश्यू. शॉपला दोन बार दिले, काट्यावर ११९ किलो. पुस्तकात उरले ४१७. आता सगळ्यांना रॅकपाशी घेऊन जा आणि बार मोजायला लावा: सात. बारचं सरासरी वजन ५९.६ धरलं तर ४१७. हा क्षण घाईने उरकू नका. पडद्यावरचा आकडा आणि रॅकवरचा माल जुळताना ज्याने स्वतः पाहिलं, तो पुढे आकड्यावर विश्वास ठेवतो.

उत्पादन. पार्ट १५० मिमीचा, कापणीत ३ मिमी जातात. सहा मीटरच्या बारमधून ३९ नग, म्हणून नगामागे १.५२ किलो असं BOM मध्ये, म्हणजे एका नगाला किती माल लागतो त्या यादीत, लिहिलेलं आहे. दोन बारचे ७८ नग झाले, त्यातले दोन बाद झाले. सुपरवायझर ७६ लिहितो. माल BOM प्रमाणे वजा होण्याचं सेटिंग असेल तर ११५.५ किलो वजा होतात आणि साडेतीन किलो शॉपच्या गोदामात पुस्तकावर उरतात. प्रत्यक्षात ते भंगाराच्या पेटीत गेलेले असतात. रोज साडेतीन किलो म्हणजे २६ दिवसांत ९१ किलो, म्हणजे दीड बार. महिनाअखेरीला मोजणी चुकते आणि दोष स्टोअरवर येतो. बाद नग आणि कापणीतला तोटा कोण, कुठे, केव्हा लिहिणार हे याच वर्गात ठरवा आणि सुपरवायझरच्या कार्डावर लिहून द्या.

तपासा: वर्ग संपल्यावर प्रत्येकाला विचारा, "तुम्ही आज एंट्री केली नाहीत तर उद्या कुणाचं काम अडेल?" ज्याला नाव घेऊन सांगता येत नाही, त्याचा प्रवास अजून झालेला नाही.

## टप्पा ७: मुद्दाम चुका करायचा वर्ग (३ आठवडे आधी)

याच्यासाठी मी सगळ्यात जास्त वेळ राखून ठेवतो. माणसं नव्या प्रणालीला घाबरतात ती चूक कशी सुधारायची हे माहीत नसल्यामुळे. माझ्या सुरुवातीच्या एका कामात हा वर्ग मी घेतलाच नव्हता. तिथल्या स्टोअरकीपर काकांनी दुसऱ्या दिवशी एक पावती चुकवली, ती कुणाला सांगितली नाही, आणि हिशोब जुळावा म्हणून खोटा इश्यू टाकला. तो शोधायला आम्हाला चार दिवस लागले. काका वीस वर्षं प्रामाणिकपणे काम करत आले होते. एक्सेलमध्ये ते असंच जुळवून घेत असत आणि तिथे ते खपत होतं.

गट चार-पाच जणांचा ठेवा आणि या तीन चुका प्रत्येकाकडून स्वतःच्या हाताने करून घ्या.

पहिली चूक एककाची. सरावाच्या प्रतीत साठा शून्य असलेला बार घ्या. दहा बार आले म्हणून किलोच्या जागी १० टाकायचे आणि `Submit` करायचं. मग दोन बार, म्हणजे ११९ किलो, इश्यू करायचा प्रयत्न करायचा. प्रणाली नकार देते, साठा अपुरा आहे म्हणते. हा नकार वर्गात बघितलेला असला की सुरुवातीच्या दिवशी तो बघून "सॉफ्टवेअर चालत नाही" असं कुणी म्हणत नाही, लोक मागच्या पावतीतलं एकक बघायला जातात.

सावध: नकार टाळण्यासाठी Stock Settings मधलं `Allow Negative Stock` चालू करा, असा दबाव पहिल्या आठवड्यात हमखास येतो. चालू केलंत तर माल आत न घेताच इश्यू होऊ लागतो, आणि तुम्ही परत एक्सेलच्या पद्धतीवर येता, फक्त पडदा नवा.

दुसरी चूक रद्द करण्याच्या क्रमाची. चुकीच्या पावतीवर अकाउंट्सने बिल केलेलं आहे. पावती थेट `Cancel` होत नाही, आधी बिल रद्द करावं लागतं, मग पावती. जिने चढलो त्याच्या उलट उतरायचं. रद्द केल्यावर `Amend` ने त्याच पावतीची सुधारित प्रत निघते आणि तिच्या नंबरापुढे `-1` लागतो. मूळ पावती रद्द अवस्थेत तशीच दिसत राहते. हे सगळ्यांना स्पष्ट सांगा, आणि मालकांच्या तोंडून सांगा: पहिल्या महिन्यात रद्द झालेल्या नोंदींबद्दल कुणालाही बोलणी बसणार नाहीत. हा शब्द मालकांनी पाळला नाही तर लोक चुका लपवतील.

तिसरी चूक तारखेची. पावतीत `Edit Posting Date and Time` अशी एक टिक असते. ती केली की कालची तारीख टाकता येते. एक्सेलची जुनी सवय याच टिकेतून परत आत येते, कारण माल उतरवून ठेवायचा आणि सवडीने मागच्या तारखेने भरायचं, हे तिथे जमतं. मागची तारीख टाकली की मधल्या सगळ्या नोंदींचा साठा आणि दर प्रणालीला पुन्हा मांडावे लागतात, आणि काल बरोबर दिसणारा रिपोर्ट आज वेगळा दिसतो. वर्गात एक मागच्या तारखेची पावती टाकून आधीचा आणि नंतरचा Stock Ledger शेजारी ठेवून दाखवा. नियम सोपा ठेवा: टिक करायची तर आधी स्टोअर प्रमुखाला सांगायचं.

## टप्पा ८: परीक्षा, कालच्या चलनांवर (२ आठवडे आधी)

प्रश्नपत्रिका काढू नका. काल प्रत्यक्षात आलेली दहा चलनं किंवा झालेले दहा इश्यू घ्या, माणसाला एकट्याला सरावाच्या प्रतीत भरायला बसवा, आणि तुम्ही मागे गप्प उभे राहा. मदत मागितली तरी पाच मिनिटं थांबा. दहापैकी नऊ बरोबर, आणि चुकलेली एक त्याने स्वतः शोधून रद्द केली, तर तो तयार. नऊ बरोबर पण चूक कळलीच नाही, तर तयार नाही. त्याला टप्पा सातवर परत न्या.

वेळही लिहून ठेवा. पहिल्या पावतीला दहा मिनिटं लागतात आणि दहावीला तीन. गेटवर एका तासात सात गाड्या येत असतील आणि पावतीला अजूनही दहा मिनिटं लागत असतील, तर सुरुवातीच्या दिवशी रांग लागणारच. मग त्या आठवड्यापुरता तिथे दुसरा माणूस द्या.

प्रत्येक एंट्रीसाठी निदान दोन माणसं परीक्षा पास झालेली हवीत. एकटा माणूस रजेवर गेला की त्या दिवशीची शीट परत उघडते.

प्रत्येकाला एक कार्ड द्या, हाताच्या पंजाएवढं, दोन्ही बाजूंनी छापलेलं. एका बाजूला त्याची एंट्री सात-आठ ओळींत, दुसऱ्या बाजूला त्याच्या तीन नेहमीच्या चुका आणि त्या कशा रद्द करायच्या. पडद्यावर जी इंग्रजी नावं दिसतात ती तशीच ठेवा आणि बाकी मजकूर मराठीत लिहा. ऐंशी पानांची मॅन्युअल कुणी उघडत नाही, कार्ड मात्र कीबोर्डखाली सापडतं.

## टप्पा ९: दोन्हीकडे भरायचं, पण फक्त पाच दिवस

शीट आणि प्रणाली दोन्ही महिनाभर चालवायची, हे ऐकायला सुरक्षित वाटतं. प्रत्यक्षात दुप्पट कामाने लोक थकतात आणि ओळखीचं आहे तेच नीट भरतात, म्हणजे शीट. पाच कामाचे दिवस पुरे. आणि क्रम उलटा ठेवा: आधी प्रणालीत, मग शीटमध्ये. रोज चार वाजता वीस आयटम निवडून तिन्ही आकडे ताडा, प्रणाली, शीट आणि रॅक. फरक आला तर रॅकवरचा खरा, आणि तो कुठून आला ते त्याच दिवशी शोधायचं. दोन आकडे जुळले आणि तिसरा नाही, यातूनच चूक कुणाच्या हातून झाली ते कळतं.

हे पाच दिवस खऱ्या प्रणालीत करू नका. सरावाच्या प्रतीतच करा, म्हणजे सुरुवातीचा साठा स्वच्छ चढवता येतो.

## टप्पा १०: बदलाचा दिवस

1. हालचाल बंद. गेटवर माल उतरणार नाही, शॉपला इश्यू होणार नाही. रात्रपाळीच्या सुपरवायझरला हे आदल्या दिवशी सांगा. त्याने रात्री चार बार उचलले तर सगळी मोजणी वाया जाते.
2. मोजणी. एक जण मोजेल, दुसरा लिहील, आणि मोजणाऱ्याला शीटमधला आकडा दाखवायचा नाही. दिसला की हात तोच आकडा लिहितो.
3. सुरुवातीचा साठा चढवा. ERPNext मध्ये Stock Reconciliation घेऊन Purpose `Opening Stock` ठेवा. दर भरायला विसरू नका, नाहीतर प्रणाली नोंद अडवते, किंवा संख्या बरोबर आणि किंमत चुकीची, असा साठा चढतो.
4. अर्धवट ऑर्डरी. ६०० पैकी २०० किलो आधीच आले असतील तर नव्या प्रणालीत ऑर्डर उरलेल्या ४०० चीच टाका.
5. जॉबवर्ककडे बाहेर असलेला माल वेगळ्या गोदामात चढवा. तो मोजणीत हमखास सुटतो, कारण तो कारखान्यात नसतोच.
6. जुन्या शीटचं फोल्डर फक्त वाचण्यापुरतं करा. पुसू नका, जुनं काही बघायला लागतं. पण लिहिता येता कामा नये.

तपासा: Stock Balance रिपोर्ट काढा, सगळ्यात जास्त किमतीचे तीस आयटम निवडा आणि रॅकवर जाऊन पुन्हा मोजा. तीसपैकी दोनपेक्षा जास्त चुकले तर सुरुवात एक दिवस पुढे ढकला. चुकीच्या साठ्यावर सुरू केलं की पहिल्याच आठवड्यात लोकांचा आकड्यावरचा विश्वास उडतो, आणि तो परत आणणं फार कठीण जातं.

## टप्पा ११: नंतरचे चार आठवडे

पहिला आठवडा शिकवणारा माणूस इनवर्डच्या टेबलाशेजारी बसलेला हवा, फोनवर नको. त्याचा हात माउसला लागता कामा नये, तोंडाने सांगायचं, एंट्री ज्याची त्याने करायची. एकदा का "द्या इकडे, मी करतो" झालं की पुढच्या वेळी तो माणूस तुमची वाट बघत बसतो.

रोज सकाळी पंधरा मिनिटं उभ्या उभ्या भेटा. एकच गोष्ट बघायची: Purchase Receipt ची यादी Report View मध्ये उघडा आणि `Posting Date` च्या शेजारी `Created On` हा रकाना घ्या. दोन्हींमध्ये दिवसाचा फरक असलेली प्रत्येक ओळ म्हणजे उशिरा भरलेली पावती. पहिल्या आठवड्यात अशा बऱ्याच ओळी दिसतात. त्या रोज कमी होत असतील तर प्रशिक्षण लागू पडलं आहे. तिसऱ्या आठवड्यातही तितक्याच असतील तर आधी त्या टेबलापाशी जाऊन बघा. बहुधा प्रिंटर बंद असतो, नेट जातं, किंवा दुपारच्या पाळीला लॉगिनच दिलेलं नसतं. माणसाला दोष देण्याआधी या तीन गोष्टी बघायच्या.

एक्सेल पूर्ण बंद करायचा हट्ट धरू नका. रिपोर्ट बाहेर काढून पिव्होट लावणं, ग्राहकाला त्याच्या नमुन्यात माहिती पाठवणं, हे शीटमध्येच होणार आणि होऊ दे. ओळखायची खूण एकच: आकडा प्रणालीतून शीटमध्ये जातो आहे की शीटमध्ये पहिल्यांदा जन्माला येतो आहे? दुसरी गोष्ट दिसली की त्या माणसाशेजारी परत अर्धा तास बसा, टप्पा दोनसारखंच, आणि विचारा की हा रकाना तुम्हाला कशासाठी लागला. टप्पा दोनमध्ये सुटलेला एखादा गुलाबी रंग तिथे सापडतो.

तिसाव्या दिवशी सामायिक ड्राइव्हवर आणि लोकांच्या डेस्कटॉपवर `.xlsx` फाइली शोधा आणि बदलाच्या तारखेनुसार क्रम लावा. गेल्या आठवड्यात बदललेली प्रत्येक फाइल उघडून, ती कोणाची आहे ते पुढच्या महिन्याच्या शिकवणीच्या यादीत लिहा.